महागडा प्रो कंट्रोलर की साधाच? पॅडल, ट्रिगर स्टॉप आणि हॉल इफेक्ट स्टिक

पहिला घोळ नावातच आहे. 'प्रो' म्हटलं की तिन्ही सोयी आल्याच, असं आपण धरून चालतो. पण 180 डॉलरला बाजारात आलेल्या एक्सबॉक्स एलिट सिरीज 2 मध्ये आणि 200 डॉलरच्या ड्युअलसेन्स एजमध्ये हॉल इफेक्ट स्टिक नाहीतच. उलट गेमसरचा जी7 एसई साधारण 45 डॉलरचा, तरी त्यात त्या आहेत आणि मागे दोन बटणंही.

साध्या स्टिकच्या आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत असते. पट्टी झिजली की स्टिकला हात न लावताही खेळाडू एका बाजूला सरकू लागतो, यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्टमध्ये चुंबकाची जागा सेन्सर लांबूनच ओळखतो, घासायला काही नसतंच. स्प्रिंग मात्र तिथेही सैल पडू शकते. माझ्या जुन्या कंट्रोलरचा ड्रिफ्ट मी आधी गेमवर ढकलला होता. मग विंडोजमध्ये `joy.cpl` उघडून पाहिलं, तर हात बाजूला असतानाही फुली मध्यावरून डावीकडे थरथरत होती. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग, वाढवून काही महिने काढले, पण मग हलकं नेम धरणं गेलं. एजमध्ये स्टिकचा अख्खा भाग बदलता येतो. सोय चांगली आहे, पण तो भाग वेगळा विकत घ्यावा लागतो.

पॅडल म्हणजे कंट्रोलरच्या मागची बटणं. त्यांचा खरा फायदा एकाच प्रसंगात कळतो. शूटरमध्ये उडी मारायला उजवा अंगठा स्टिकवरून उचलून ए बटण दाबावं लागतं आणि तेवढा वेळ नेम सुटतो. ए बटणाचं काम मागच्या पॅडलला दिलं की अंगठा जागचा हलत नाही. रॉकेट लीगमध्येही उडी, बूस्ट आणि गाडी हवेत फिरवणं एकत्र जमतं. सुरुवातीला पकड घट्ट झाली की नको तेव्हा पॅडल दाबलं जातं. म्हणून आधी एकच वापरा. चार पॅडल असूनही माझी बोटं दोनांवरच रमतात. फुटबॉल किंवा कथाप्रधान गेम खेळत असाल तर यावर पैसे घालू नका.

ट्रिगर स्टॉप म्हणजे ट्रिगरचा प्रवास छोटा करणारा अडसर. गोळी लवकर सुटते, बस. फोर्झासारख्या रेसिंगमध्ये तो बंदच ठेवा, नाहीतर ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायला जागाच उरत नाही.

एक्सबॉक्सवर किंवा पीसीवर शूटर खेळणाऱ्याला मी हॉल स्टिक आणि दोन मागची बटणं असलेला स्वस्त कंट्रोलरच सुचवेन. वायर चालणार असेल तर जी7 एसई पुरेसा आहे. पीएस5 वाल्यांची गोष्ट वेगळी: लायसन्स नसलेला कंट्रोलर पीएस5 च्या गेममध्ये सहसा चालतच नाही. त्यामुळे तिथे एज घ्यायचा तो पॅडलसाठी आणि बदलता येणाऱ्या स्टिकसाठी. आठवड्याला तीन-चार तासच खेळत असाल, तर सोबत आलेला कंट्रोलर ड्रिफ्ट करेपर्यंत वापरा.