प्रयोगाआधीची खरेदी हिशेबात धरावी का? तीन पद्धती शेजारी शेजारी

वेबसाइटवर नवं चेकआउट पान लावलं, निम्म्या ग्राहकांना जुनं दाखवलं, निम्म्यांना नवं, आणि दोन आठवड्यांनी निकाल आला: ‘फरक दिसतोय, पण ठामपणे सांगता येत नाही.’ अशा वेळी प्रयोग लांबवण्याआधी एक गोष्ट करून बघता येते. प्रत्येक ग्राहकाने प्रयोग सुरू होण्याआधी किती खर्च केला होता, ते आपल्याकडे नोंदलेलं असतंच. तो आकडा हिशेबात घ्यायचा. घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर कसा, याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

कल्पित आकडे घेऊन पाहू. किराणा विकणारी साइट, प्रत्येक गटात ४०,००० ग्राहक. मोजायचंय ते दोन आठवड्यांतला दर ग्राहकी खर्च, Y. त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६०० रुपये. आधीच्या दोन आठवड्यांतला त्याच ग्राहकांचा खर्च X, त्याचंही डेव्हिएशन ६००. दोघांतला सहसंबंध, ρ, ०.६. नव्या पानाच्या गटाने सरासरी ७ रुपये जास्त खर्च केले. मात्र हाच गट प्रयोगाआधी दुसऱ्या गटापेक्षा २ रुपये मागे होता. चिठ्ठ्या टाकून गट पाडले की एवढा फरक पडतोच, त्यात गैर काही नाही.

पहिला मार्ग: नुसती सरासरींची वजाबाकी. उत्तर ७ रुपये, स्टँडर्ड एरर ४.२४. ९५ टक्के विश्वासांतर साधारण उणे १.३ ते १५.३. शून्य आत आलं, निर्णय लटकला. ही पद्धत चुकीची नाही. तिचं उत्तर निःपक्षपाती असतं, आणि कोणालाही दोन मिनिटांत समजावून सांगता येतं. पण जो ग्राहक दर महिन्याला मोठं सामान भरतो आणि जो एखादं साबण मागवतो, त्यांच्यातला मुळातला फरक सगळा ‘गोंगाट’ म्हणून आत राहतो.

दुसरा मार्ग: आधीचा खर्च सरळ वजा करणं. प्रत्येकाचा Y − X काढायचा आणि त्यांच्या सरासरींची तुलना करायची. उत्तर ९ रुपये, एरर ३.७९. ही पद्धत बऱ्याच जणांना नैसर्गिक वाटते, आणि इथे फायदाही झाला. पण ती धोक्याची आहे. X आणि Y चं डेव्हिएशन सारखं असेल, तर वजाबाकीचा व्हेरिअन्स मूळ व्हेरिअन्सच्या 2(1 − ρ) पट होतो. म्हणजे सहसंबंध ०.५ पेक्षा कमी असला, तर गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो. ०.३ असता, तर एरर ५.०२ झाला असता, काहीच न करण्यापेक्षा वाईट. कारण सोपं आहे: कोणी मागच्या पंधरवड्यात १,००० रुपये जास्त खर्चले, म्हणून या पंधरवड्यातही पूर्ण १,००० जास्त खर्चेल असं नाही. त्यातला काही भाग योगायोगच होता, आणि वजाबाकी तो योगायोगही उचलून आणते.

तिसरा मार्ग: रिग्रेशन. इथे X पूर्ण वजा करायचा नाही, त्यातला जेवढा भाग Y शी खरोखर जोडलेला आहे तेवढाच करायचा. तो भाग म्हणजे θ = cov(X, Y) / var(X), आपल्या उदाहरणात ०.६. उत्तर ७ + ०.६ × २ = ८.२ रुपये. व्हेरिअन्स (1 − ρ²) पट, म्हणजे ०.६४ पट, आणि एरर ३.३९. विश्वासांतर सुमारे १.५ ते १४.९, शून्य बाहेर. एवढी अचूकता पहिल्या मार्गाने हवी असती, तर दर गटात ६२,५०० ग्राहक लागले असते.

कल्पना जुनीच आहे. मळ्यातल्या चहाच्या उत्पन्नावर संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३०च्या दशकात हेच केलं होतं: त्याच तुकड्याचं आधीचं उत्पन्न हिशेबात धरलं. वेबवर ती रूढ झाली २०१३ मध्ये, मायक्रोसॉफ्टमधल्या डेंग, शू, कोहावी आणि वॉकर यांनी ‘क्यूपेड’ या नावाने ती मांडल्यावर. क्यूपेड आणि रिग्रेशन यांत निवड करायची वेळ आली, तर मोठ्या संख्येला आणि समसमान गटांना दोघांचं उत्तर जवळजवळ एकच येतं, त्यामुळे त्यावर डोकं शिणवू नये. फरक पडतो तो गट ९०-१० असे विषम असताना. २००८ मध्ये फ्रीडमन यांनी दाखवलं की साधं रिग्रेशन अशा वेळी अचूकता घटवूही शकतं. २०१३ मध्ये लिन यांनी उपाय दिला: X मधून त्याची सरासरी वजा करा, गटाशी त्याचा गुणाकारही मॉडेलमध्ये घ्या आणि रोबस्ट एरर वापरा. मग संख्या मोठी असताना नुकसान होत नाही. माझी शिफारस याच रूपाची आहे, गट समान असले तरी, कारण त्याला जास्तीचा खर्च काहीच नाही.

```r
library(lmtest); library(sandwich)
d$xc <- d$x - mean(d$x)
d$nc <- d$navin - mean(d$navin)
m <- lm(y ~ z * (xc + nc), data = d)
coeftest(m, vcov = vcovHC(m, type = "HC2"))
```

`z` म्हणजे गट, ० किंवा १; त्याच्यासमोरचा आकडा हेच आपलं उत्तर. `navin` ही नव्या ग्राहकांची खूण. त्यांना आधीचा खर्चच नसतो, म्हणून X मध्ये शून्य घालायचं आणि ही खूण वेगळी द्यायची. त्यांना गाळून टाकलं, तर उत्तर फक्त जुन्या ग्राहकांपुरतं राहतं, आणि नवं चेकआउट पान बहुधा नव्यांसाठीच बदललेलं असतं.

या मार्गावर खरी चूक होते ती X च्या तारखांत. X मध्ये प्रयोग सुरू झाल्यानंतरचा एक दिवस जरी शिरला, तरी नव्या पानाचा परिणाम X मध्येही उतरतो आणि रिग्रेशन तोच परिणाम काही अंशी पुसून टाकतं. एरर मात्र सुंदर लहान दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. ‘प्रयोगादरम्यान किती पानं पाहिली’ हा आकडा X सारखा, म्हणजे कोव्हेरिएट म्हणून घेणं हीच चूक आहे, कारण पानं किती पाहिली हे कोणतं चेकआउट दिसलं यावरही अवलंबून असतं. तपासण्यासाठी X लाच निकाल समजून दोन गटांची तुलना करा. आपल्या उदाहरणात फरक २ रुपये आणि एरर ४.२४, म्हणजे ठीक. फरक एररच्या चार-पाच पट निघाला, तर अॅडजस्टमेंट बाजूला ठेवा आणि आधी तारखा व गटवाटणीचा कोड पाहा. बिघडलेली वाटणी रिग्रेशनने दुरुस्त होत नाही.

दुसरा मोह कोव्हेरिएट बदलून बदलून बघण्याचा: दोन आठवड्यांचा खर्च, मग चार आठवड्यांचा, मग ऑर्डरींची संख्या, आणि ज्याने शून्य बाहेर गेलं तो ठेवायचा. तसं केलं की ९५ टक्के हा आकडा खोटा ठरतो. कोणता X, किती दिवसांचा, हे प्रयोग सुरू करण्याआधी लिहून ठेवा. बहुतेक वेळा ज्या आकड्यावर निकाल ठरणार, त्याचीच आधीची नोंद सर्वांत उपयोगी ठरते.

एवढं करणं तुमच्या साइटवर परवडेल का, हे प्रयोगाआधीच कळू शकतं. जुन्या नोंदींतले लागोपाठचे दोन पंधरवडे घ्या. नव्या प्रयोगात जसे ग्राहक येतील तसेच, म्हणजे दुसऱ्या पंधरवड्यात साइटवर आलेले सगळे, नवे धरून, घ्या आणि दोन खर्चांतला सहसंबंध काढा. ०.६ आला, तर एरर पाचव्या भागाने घटेल. ०.२ आला, तर घट जेमतेम २ टक्के. लॉग-इन न करता येणारे, कुकी पुसणारे, वर्षातून एकदा विमा घेणारे ग्राहक असतील तिथे बहुधा असाच लहान सहसंबंध मिळतो, आणि तिथे पहिला मार्ग पुरेसा आहे.