मागणी आधी की कारण आधी? हळदीच्या पेढीवरचा एक मेल, दोन मसुदे

सांगलीच्या मार्केट यार्डातून परदेशात हळद पाठवणाऱ्या पेढ्यांवर खरेदीदाराला जाणारा मेल बहुतेक वेळा आधी मराठीत जुळवला जातो आणि मग त्याचा इंग्रजी मेल होतो. भाषा बदलते, पण मांडणी मराठी अर्जाचीच राहते. आधी नमस्कार, मग हकीकत, मग अडचण आणि अगदी शेवटी ‘तरी’ने सुरू होणारी विनंती. ही मांडणी ठेवायची की विनंती उचलून वर आणायची, हे ठरवायला एकच प्रसंग नीट पाहू.

समजा, जर्मनीतल्या खरेदीदाराला राजापुरी हळदीचा एक कंटेनर द्यायचा आहे. पैसे एलसीवर मिळणार, म्हणजे कागदपत्रं अटींप्रमाणे असली की पैसे देण्याची हमी खरेदीदाराच्या बँकेची. एलसीत शिपमेंटची शेवटची तारीख 20 जुलै आहे आणि एलसी 10 ऑगस्टला संपते. खरेदीदाराने मागाहून कीटकनाशकांच्या अंशाची जादा तपासणी सांगितली. तिचा अहवाल 18 जुलैला येणार आणि त्यानंतर न्हावाशेव्याहून मिळणारं पहिलं जहाज 30 जुलैचं आहे. आज 8 जुलै.

पहिला मसुदा असा होतो:

> सप्रेम नमस्कार. आपण व आपले सहकारी कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या ऑर्डरप्रमाणे मालाचे पॉलिश व प्रतवारी पूर्ण झाली आहे. आपण कळवल्यानुसार जादा तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेत दिले आहेत. तेथे कामाचा ताण असल्याने अहवाल 18 जुलैला मिळेल असे समजते. त्यानंतर कंटेनर भरणे, बंदरावर पोहोचवणे व कस्टमची पूर्तता यांस काही दिवस लागतील. त्यामुळे ठरल्या वेळी माल रवाना होणे अवघड दिसते. तरी सदर एलसीची मुदत वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.

दुसरा असा:

> नमस्कार. एलसीतील शिपमेंटची शेवटची तारीख 20 जुलैऐवजी 5 ऑगस्ट आणि एलसीची मुदत 10 ऑगस्टऐवजी 26 ऑगस्ट करून मिळेल का? तशी सूचना आपण 12 जुलैपर्यंत आपल्या बँकेला द्यावी, ही विनंती. माल तयार आहे. आपण सांगितलेल्या जादा तपासणीचा अहवाल 18 जुलैला येणार असल्याने पहिले जहाज 30 जुलैचे मिळते आहे. बदलाचे बँक शुल्क आम्ही भरू.

पहिला मसुदा वाईट मराठी नाही. वाचणाऱ्याला तो हाताला धरून अडचणीपर्यंत नेतो आणि तिथे पोहोचल्यावर विनंती आपसूक पटते. पण हा मेल समोर कसा उघडतो ते पाहा. मेलच्या यादीत पहिल्या काही शब्दांपुरतंच दिसतं, आणि तिथे दिसते ती खुशालीची चौकशी. उघडल्यावर मधोमध नजर पडते ती तपासणी, प्रयोगशाळा, अहवाल या शब्दांवर. खरेदी विभागातला माणूस घाईत असेल तर मेल गुणवत्ता विभागाकडे ढकलतो. तिथून ‘अहवाल आला की पाठवा’ असं उत्तर येतं. उत्तर आलं म्हणून पेढीवर सगळे निश्चिंत होतात, पण बँकेकडे काहीच गेलेलं नसतं. मांडणी चुकल्याची सगळ्यात स्पष्ट खूण हीच, की उत्तर येतं पण ते वेगळ्याच गोष्टीचं असतं.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. कारणं लिहून झाली की लिहिणाऱ्याला आपण सगळं सांगितलं असं वाटू लागतं, आणि विनंती मोघम उरते. पहिल्या मसुद्यात ‘मुदत वाढवून मिळावी’ एवढंच आहे. पण एलसीत तारखा दोन आहेत. एलसीसाठी बँका पाळतात त्या यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, एलसीत वेगळं म्हटलं नसेल तर शिपमेंटनंतर 21 दिवसांच्या आत कागदपत्रं सादर करावी लागतात, आणि तीही एलसी संपण्याच्या आत. खरेदीदाराने फक्त शिपमेंटची तारीख 5 ऑगस्ट केली आणि एलसी 10 ऑगस्टलाच संपत राहिली, तर माल 5 ऑगस्टला चढल्यास कागद गोळा करून बँकेत द्यायला जेमतेम 5 दिवस उरतात. विनंती पहिल्याच वाक्यात लिहायची म्हटलं की ‘कुठली तारीख, कितीपर्यंत’ हे लिहिणाऱ्याला आधी स्वतःशी ठरवावं लागतं. मागणी वर आणण्याचा हा फायदा वाचणाऱ्याइतकाच लिहिणाऱ्याचाही आहे.

शिवाय हा बदल खरेदीदार नुसता ‘चालेल’ म्हणाला म्हणून होत नाही. त्याने आपल्या बँकेला सांगायचं, त्या बँकेने बदल काढायचा आणि तो आपल्या बँकेमार्फत आपल्यापर्यंत यायचा. तो न येता माल 30 जुलैला चढवला तर बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या कागदावरची, तारीख एलसीशी जुळत नाही आणि बँकेला पैसे नाकारता येतात. मग खरेदीदार ती त्रुटी मान्य करेपर्यंत थांबायचं, आणि त्या काळात तो भाव पाडून मागू शकतो. म्हणून दुसऱ्या मसुद्यात 12 जुलै ही तारीख विनंतीला लागूनच आहे.

आता धोका दुसऱ्या मसुद्यातही आहे. नुसतीच मागणी ठेवून खाली सही केली, तर माल तयारच नाही अशी शंका येते. ‘माल तयार आहे’ आणि ‘आपण सांगितलेली तपासणी’ ही दोन वाक्यं त्यासाठी मागणीच्या पाठोपाठ हवीतच. शुल्काचं वाक्यही वगळू नये, कारण ते कोणी भरायचं यावर आणखी दोन मेल खर्ची पडतात.

मराठी मसुदा हातात असेल तर तो फाडून नव्याने लिहायची गरज नाही. शेवटचं ‘तरी’चं वाक्य कापून नमस्काराखाली आणा आणि मग जोडशब्द तपासा. ‘सदर’, ‘त्यामुळे’, ‘वरील’ हे सगळे मागे बोट दाखवणारे शब्द आहेत, आणि वर आल्यावर त्यांच्या मागे काहीच उरत नाही. ‘सदर एलसी’च्या जागी एलसीचा क्रमांक घाला, ‘त्यामुळे’ काढून टाका. विनंती पहिल्या ओळीत आली की इंग्रजीत ती हुकमासारखी वाटेल ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय वाक्य प्रश्नार्थी ठेवण्याचा. त्यासाठी विनंती पुन्हा तळाशी नेऊ नये.

मग सावकाश मांडणी कधी ठेवावी? जिथे समोरच्याला आधी पटवावं लागतं तिथे. खरेदीदाराने माल ओला आला म्हणून दावा केला आहे आणि आपल्याला तो नाकारायचा आहे, तर पहिल्या ओळीत ‘दावा मान्य नाही’ लिहिलं की पुढचं वाचलंच जात नाही. तिथे कंटेनर भरतानाचा ओलाव्याचा अहवाल आणि सीलचे फोटो आधी यावेत, निष्कर्ष नंतर. तसंच यार्डातल्या जुन्या अडत्याकडे उधारीची मुदत मागायची असेल तर नमस्कारानंतर लगेच रक्कम काढणं आपल्याकडे उद्धटपणाच ठरतो. तिथे तर मेलही नको, समक्ष जाऊन बोलावं.

बरेच मेल या दोन्हींच्या मधले असतात. उदाहरणार्थ, नव्या खरेदीदाराकडे नमुन्याच्या कुरिअरचा खर्च मागायचा आहे. अशा वेळी मी विषयाची ओळ वापरतो. आपल्या तहसीलच्या अर्जातही ‘विषय’ सगळ्यात वर असतोच, फक्त तिथे ‘खर्च मिळणेबाबत’ एवढंच लिहून आपण थांबतो. मेलच्या विषयात रक्कम आणि तारीख दोन्ही घातली, की आत दोन वाक्यं ओळखीची आणि कारणाची लिहायला मोकळीक मिळते. एलसीच्या मेलमध्ये मात्र विषय आणि पहिली ओळ दोन्हींत तारखा हव्यात, कारण तो मेल बँकेकडे पाठवताना खरेदीदार विषयाची ओळ बदलू शकतो.