जुळे व्हिडिओ शोधताना: फ्रेमचा हॅश की आवाजाचा ठसा?

संग्रहात एकच मुलाखत दोनदा आहे असं समजा. दुसऱ्या प्रतीत सुरुवातीला १२ सेकंदांची शीर्षकपट्टी जोडली आहे आणि चित्राच्या वर-खाली काळे पट्टे आहेत. फाइलचा चेकसम इथे निरुपयोगी, कारण पुन्हा एन्कोड केल्यावर एकही बाइट जागेवर राहत नाही.

फ्रेमचा पीहॅश चित्र ३२×३२ च्या राखाडी चौकटीत बसवतो, त्यातला ढोबळ छायाप्रकाश उचलतो आणि ६४ बिट देतो. दोन हॅशमध्ये किती बिट वेगळे, ते मोजायचं. असंबद्ध चित्रांत सरासरी ३२ निघतात. दहाच्या आत आले तर संशय घ्यावा. कॉम्प्रेशन किंवा आकार बदलला तर हा हॅश सहसा टिकतो, पण काळ्या पट्ट्यांनी सगळी मांडणीच सरकते आणि आपली जोडी निसटते. उलट स्टुडिओत त्याच खुर्चीवर बसलेल्या निवेदकाचे दोन वेगळे भाग त्याला जुळे वाटू शकतात. काळ्या फ्रेम तर आधीच वगळाव्यात, त्या कुठल्याही व्हिडिओतल्या काळ्या फ्रेमशी जुळतात.

आवाजाला पट्ट्यांशी देणंघेणं नाही. आवाजाचा ठसा काढणारा क्रोमाप्रिंट सेकंदाला साधारण आठ, ३२ बिटांचे आकडे देतो. जागा त्यालाच जास्त लागते: तासाला सुमारे ११५ केबी, तर सेकंदाला एक पीहॅश ठेवला तर २९ केबी. पण खरा वेळ व्हिडिओ डीकोड करण्यात जातो आणि तिथे आवाज स्वस्त पडतो. फक्त एक खोच आहे. त्याचं `fpcalc` हे साधन मुळात पहिली १२० सेकंदंच वाचतं, म्हणून:

```
fpcalc -raw -length 0 b.mp4
```

आता जुळणाऱ्या प्रत्येक आकड्यासाठी दोन प्रतींतल्या वेळांचा फरक मोजा. आपल्या जोडीत बहुतेक फरक १२ सेकंदांवर गोळा होतील. मात्र नुसत्या या शिखरावर विसंबू नका. मालिकेच्या सगळ्या भागांत तेच शीर्षकगीत असतं, तिथेही शिखर दिसतं. जुळणी सलग किती वेळ टिकते ते बघा: गीतासाठी अर्धा मिनिट, खऱ्या प्रतीसाठी जवळजवळ पूर्ण लांबी.

डबिंग केलेली प्रत आवाजावरून सापडणार नाही, मूक चित्रीकरणाचा तर प्रश्नच नाही. २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने चालवला की वेग आणि स्वर चार टक्क्यांनी चढतात, तेव्हाही ठसा ढासळतो.

बहुतेक फाइलींना आवाज असेल तर मी आवाजापासून सुरुवात करेन. त्यातून मिळालेल्या १२ सेकंदांमुळे पुढचं काम सोपं होतं. पट्टे एफएफएमपेगच्या `cropdetect` ने ओळखून कापायचे आणि पहिल्या प्रतीतल्या ६० व्या सेकंदाची फ्रेम दुसरीतल्या ७२ व्याशी ताडायची. अशा वीसेक जागा पुरतात. आवाज जुळतो पण चित्र कुठेच जुळत नाही अशी जोडी आली, तर ती हाताने उघडून पाहा. कुणीतरी तोच आवाज नव्या दृश्यांवर चढवलेला असू शकतो.

मूक आणि डब केलेल्या फाइलींची वेगळी रांग लावून तिथे फ्रेमचे हॅश एकटे चालवावे लागतात.