टोनरचा बॉक्स, होलोग्रामचा फोटो आणि माझे १४,००० रुपये

बेळगावात टिळकवाडीकडं माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे, कॉलेजची पोरं, शाळांचे पेपर, सातबारा-उतारे असलं सगळं काम असतं. परीक्षांच्या आधी टोनर लई लागतो. तर झालं असं की आमच्या धंद्यातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर हुबळीच्या एका माणसानं टाकलं की कंपनीचा ओरिजिनल टोनर, सील पॅक, ३,५०० रुपये नग. दुकानात तोच साडेपाच हजारांच्या आसपास मिळतो. मी लगेच हो म्हटलं नाही, फोटो मागितला. त्यानं बॉक्सच्या होलोग्राम स्टिकरचा जवळून काढलेला फोटो पाठवला, एकदम शार्प, निळा-हिरवा-जांभळा रंग चमकतोय, आतलं चिन्ह स्पष्ट दिसतंय. फोनवर म्हणाला, "अण्णा, होलोग्राम बघा की, अजून काय पाहिजे?" मला पण वाटलं, अजून काय पाहिजे. ४ नगांचे १४,००० यूपीआयनं पाठवले आणि तिसऱ्या दिवशी बस पार्सलनं माल आला, स्टँडवरून सोडवून घेतला.

पहिला टोनर घातला. बॉक्सवर साधारण दीड हजार पानं लिहिलेली असतात, ती पण पान बऱ्यापैकी मोकळं असेल तर. माझी चारशे पानं पण झाली नाहीत तोवर कडेनं करड्या पट्ट्या यायला लागल्या, मग प्रिंटरच्या आत सगळी काळी पावडर सांडली. शाळेचे पेपर सकाळी द्यायचे होते, रात्री शेजारच्या गल्लीतल्या दुकानातून टोनर उसना आणून काम संपवलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन केला तर नंबर बंद.

आता खरी गोष्ट इथून. माझ्या माळ्यावर याच मॉडेलचा जुना रिकामा बॉक्स पडून होता, तो डीलरकडून बिलासकट घेतलेला म्हणजे ओरिजिनल नक्की. मी दोन्ही बॉक्स काउंटरवर शेजारी ठेवले आणि दोन्ही स्टिकरचे फोटो काढून निपाणीला मेव्हण्याला पाठवले, त्याचं पण हेच काम आहे. "खोटा कुठला सांग" म्हटलं. त्यानं दहा मिनिटं बघून ओरिजिनललाच खोटं म्हटलं, कारण माझ्या फोटोत तो करडा आणि फिका आलेला, नकली मात्र मस्त चमकत होता.

मग मी दोन्ही बॉक्स हातात धरून हळूहळू तिरके केले. आणि तिथं सगळं उघडं पडलं. या कंपनीच्या जुन्या स्टिकरमध्ये दोन चिन्हं असतात, बॉक्स पुढं-मागं वाकवला की दोन्ही चिन्हं एकमेकांच्या उलट दिशेला सरकतात आणि डावीकडं-उजवीकडं वाकवला की दोन्ही एकाच दिशेला जातात. ओरिजिनल बॉक्सवर हे अगदी तसंच झालं. नकली बॉक्सवर रंग पळत होते, पावसात रस्त्यावर तेल सांडल्यावर दिसतात तसे, पण चिन्हं जागची हलली नाहीत. रंगीत चमकणाऱ्या कागदावर चिन्ह नुसतं छापलेलं होतं.

हे का होतं ते मी नंतर समजून घेतलं. खऱ्या होलोग्राममध्ये ते चित्र शाईनं छापलेलं नसतं, फॉइलवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा दाबून उठवलेल्या असतात, एका मिलिमीटरमध्ये शेकडो. त्या रेघा उजेड वेगवेगळ्या दिशांना फाकवतात, म्हणून तुम्ही कुठल्या कोनातून बघता त्यावर कुठला रंग आणि चित्राचा कुठला भाग दिसणार ते ठरतं. फोटोमध्ये त्यातला एकच कोन येतो. नकली करणाऱ्याला पण तेवढंच लागतं, एका कोनातलं चित्र घेऊन चमकीच्या कागदावर छापायचं, मग त्याचा फोटो आणि खऱ्याचा फोटो सारखेच दिसणार. आणि खरा स्टिकर चुकीच्या कोनात आला तर मेलेला दिसतो, मेव्हणा फसला तो त्याच्यामुळंच. चिन्ह सरकतंय का, कुठल्या दिशेला सरकतंय, हे एका फोटोत येऊच शकत नाही, कारण सरकण्याला आधीची जागा आणि नंतरची जागा दोन्ही दिसायला लागतात. व्हिडिओत त्या दिसतात.

पण व्हिडिओ कसा पण काढून चालत नाही हे पण कळलं, कारण मी स्वतः त्या दोन बॉक्सचे सात-आठ व्हिडिओ काढून बघितले. पहिले दोन वाया गेले, फ्लॅश चालू होता त्यामुळं स्टिकरवर नुसता पांढरा ठिपका. खिडकीजवळ किंवा एका बल्बखाली, उजेड एकाच बाजूनं येईल असं बसायचं. मोबाईल टेकवून स्थिर ठेवायचा आणि बॉक्स फिरवायचा, कारण मोबाईल हलवला की सगळंच हलतं आणि स्टिकरमध्ये काय हललं ते कळत नाही. स्क्रीनवर स्टिकरच्या जागी बोट दाबून धरलं तर बऱ्याच मोबाईलमध्ये फोकस आणि उजेड तिथंच लॉक होतो, नाहीतर कॅमेरा आपोआप उजेड कमी-जास्त करतो आणि रंग स्टिकरनं बदलला की कॅमेऱ्यानं ते समजत नाही. आणि हळू, एका दिशेला पाच-सहा सेकंद, मग दुसऱ्या दिशेला तेवढंच. झटकन फिरवला की सगळं पुसट येतं. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि नेमकी स्टिकरमधली बारीक हालचालच त्यात मिटते.

एक सांगतो, व्हिडिओ बरोबर आला म्हणजे आतला माल खरा असं समजू नका. रिकामे ओरिजिनल बॉक्स भंगारात विकले जातात आणि त्यात रिफिल केलेला टोनर घालून परत चिकटवतात, तिथं होलोग्राम खराच असतो. म्हणून मी आता त्याच व्हिडिओत, न थांबवता, बॉक्सची चिकटपट्टी, कडा आणि सिरीयल नंबर पण मागतो, आणि शेजारी चिठ्ठीवर माझं नाव आणि तारीख लिहून ठेवायला सांगतो, नाहीतर कुणाचा तरी जुना व्हिडिओ येतो. रिकामे बॉक्स पण आता फाडूनच टाकतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून आले नाहीत. तुमचं असं झालं तर माझ्यासारखे चार दिवस घालवू नका, त्याच दिवशी फोन करा, पैसे पुढं जायच्या आत अडवले गेले तरच काही तरी होतं.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका विक्रेत्याला व्हिडिओ मागितला. त्यानं आधी फोटो पाठवला होता, त्यात स्टिकर नुसता करडा ठिपका दिसत होता, आधीचा मी असतो तर तिथंच नको म्हटलं असतं. मग व्हिडिओ आला, बारा-तेरा सेकंदांचा, पुढं-मागं वाकवल्यावर चिन्हं उलट दिशेला गेली, बाजूला वाकवल्यावर एकाच दिशेला गेली. एकच नग घेतला, त्याची चौदाशेच्या वर पानं झाली आणि अजून चालू आहे. नकली बॉक्स आणि जुना ओरिजिनल, दोन्ही काउंटरखाली ठेवलेत, या धंद्यातल्या कुणाला हातात घेऊन बघायचे असतील तर दुपारी ३ नंतर या, तेव्हा गर्दी कमी असते.