फाईलवर नाव दुसरीचं, सुई मात्र माझ्या जावेच्या पोटात

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका गावात आशा म्हणून काम करते. माझ्या धाकट्या जावेसोबत जे झालं ते तिला विचारूनच लिहिते आहे. नाव घालत नाही. आजूबाजूच्या गावांत अजूनही बाया नेल्या जात आहेत, म्हणून लिहायला बसले.

बचत गटाच्या ओळखीतून एक मावशी गावात यायची. नागपूरच्या दवाखान्यात ज्यांना मूल होत नाही त्यांच्यासाठी ‘एग’ द्यायचं, दहा-बारा दिवस इंजेक्शन घ्यायचं आणि चाळीस हजार मिळवायचे, असं तिचं बोलणं. "तुले काही होत नाही वो, दर महिन्याले वाया जातंच ते." कापसाचं पीक बोंडअळीनं गेलेलं, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर. दिरानं हो म्हटलं. मला कुणी काही सांगितलं नाही, जाऊ माहेरी जाते म्हणून निघाली.

वाया जातं हे मावशीचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते बाईच्या गळी उतरतं. दर महिन्याला अंडाशयात कितीतरी बीजं वाढायला लागतात, त्यातलं बहुधा एकच पिकतं, बाकीची सुकून जातात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज पोटात जी हार्मोनची इंजेक्शनं देतात त्यांनी ती सगळीच एकदम वाढतात. मग शेवटी बीजं पिकवणारं एक इंजेक्शन असतं, ज्याला दवाखान्यात ट्रिगर म्हणतात. त्यानंतर साधारण चौतीस ते छत्तीस तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुई घालून बीजं ओढून काढतात. धोका आहे तो एवढी सगळी एकदम वाढवण्यात आणि त्या ट्रिगरमध्ये.

जाऊ परत आली ती हातात अठरा हजार घेऊन. बाकीचे "पुढच्या टायमाले". पैसे कमी आले हा तिला वाटलेला पहिला धोका. दोन दिवसांनी पोट फुगायला लागलं. सलवारची नाडी बसेना, उलट्या, लघवी अगदी थोडी आणि गडद. मावशीला फोन केला तर म्हणाली गॅस झाला असंल, ओव्याचं पाणी दे. मग रात्री जाऊ माझ्या दारात उभी. "बाई, मले आडवं होता येऊन नाही राहिलं, दम लागते." तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. दोन्ही अंडाशयं सुजून मोठी झालेली आणि पोटात पाणी. डॉक्टर मॅडमनी ओळखलं, याला ओएचएसएस म्हणतात. अति उत्तेजित झालेल्या अंडाशयातून अशी काही द्रव्यं सुटतात की रक्तवाहिन्या गळायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, कधी छातीत उतरतं. उरलेलं रक्त घट्ट होतं, म्हणून लघवी कमी होते आणि गुठळी व्हायचा धोका वाढतो. पोटातलं पाणी काढावं लागलं, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनं सुरू झाली, रोज सकाळी वजन आणि लघवी मोजायची. वजन रोज एक किलोनं वाढत असेल तर घरी बसू नका, असं मॅडम वॉर्डात प्रत्येक वेळी सांगायच्या.

जावेच्या पिशवीत शेवटच्या इंजेक्शनचा रिकामा खोका होता. त्यावर एचसीजी 10,000 लिहिलेलं. मॅडम तो खोका बघून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ज्या बाईला खूप बीजं वाढली तिला हे द्यायला नको होतं. बीजं देणारीला गर्भ ठेवायचाच नसतो, त्यामुळे तिच्यासाठी ट्रिगर म्हणून दुसरं, ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन देता येतं आणि ते दिलं तर हा त्रास जवळजवळ होतच नाही. अर्थात त्यासाठी आधीची इंजेक्शनं त्या पद्धतीची लागतात. बाईनं हा एकच प्रश्न विचारला, "ट्रिगर कोणतं देणार?", तरी समोरच्याला कळतं की ही काही ऐकून आली आहे.

किती बीजं काढली? नर्स भुलीनंतर कुणाला तरी "बावीस" म्हणाली ते जावेनं ऐकलं होतं. कायद्यात, म्हणजे 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात, एका बाईकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत आणि तीही आयुष्यात एकदाच. वय 23 ते 35. अंडाशयाला कायद्यातला सात कळत नाही. त्याला फक्त औषधाचा डोस कळतो. सातच काढायची असतील तर डोस आधीच बेतानं द्यावा लागतो.

आता फसवणुकीचा गाभा. नागपूरच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड बघितलं तर नाव भलत्याच बाईचं, वय 25. माझी जाऊ 21 ची. सोबतच्या रिपोर्टमध्ये सिकलसेल निगेटिव्ह लिहिलं होतं. आमच्या विदर्भात सिकलसेल घराघरात आहे, आणि जाऊ वाहक आहे हे मला ठाऊक, लग्नाच्या वेळची तिची तपासणी मीच करवून घेतली होती. म्हणजे रक्त तिचं नव्हतंच. ती तपासणी बीज घेणाऱ्या जोडप्यासाठीही असते: तिथला पुरुषही वाहक निघाला तर होणाऱ्या मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी यांच्या तपासण्याही त्याच कागदावर, त्याच दुसऱ्या नावानं. त्या जोडप्यालाही यांनी फसवलंच.

नाव का बदललं हे मला महिन्याभरानं समजलं. जावेला मावशीचा फोन आला: "वय बसलं की तुझ्या नावानं करू, तुझा रेकॉर्ड कोरा हाय." 'एकदाच' ही अट आधारच्या नावावर मोजली जाते, बाईच्या देहावर नाही. पहिल्यांदा दुसरीचं आधार, वय वाढल्यावर स्वतःचं, मग तिसऱ्यांदा आणखी कुणाचं. तमिळनाडूत इरोडला 2022 मध्ये असंच उघड झालं, तिथं तर 16 वर्षांच्या मुलीचं आधार बनावट करून तिची बीजं पुन्हा पुन्हा काढली होती.

आणि विमा. ज्या जोडप्यासाठी बीजं घेतात त्यांनी देणाऱ्या बाईचा बारा महिन्यांचा विमा काढायचा, असं कायदा म्हणतो. विमा असलाच तर तो कागदावरच्या बाईचा, ओटीपोटात पाणी भरलेल्या बाईचा नाही. विम्यापलीकडे मोबदला कायद्यात नाही, आणि मावशी नेमका तोच धाक घालते: "तक्रार केली त तूच आत जाशील." पण एजंटामार्फत बाई आणणं हाच त्या कायद्यात गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दंड पाच ते दहा लाख. बाई पुरवायची ती बीजांच्या नोंदणीकृत बँकेनं, गावात फिरणाऱ्या मावशीनं नाही.

जाऊ बरी आहे. आम्ही पोलिसांत बनावट कागदांची तक्रार दिली आणि राज्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेही अर्ज पाठवला. नागपूरच्या दवाखान्याचं उत्तर आलं की या नावाची बाई त्यांच्याकडे कधी आलीच नाही. आमच्याजवळ तो एचसीजीचा खोका आहे, सरकारी दवाखान्याचे कागद आहेत, दुसरीच्या नावाचं डिस्चार्ज कार्ड आहे आणि मावशीच्या दुसऱ्या फोनचं रेकॉर्डिंग. ज्यांच्या घरात कुणी असं जाऊन आलं असेल त्यांनी यातलं काही फेकू नका, आणि पोट फुगलं तर मावशीला नाही, 108 ला फोन करा.