चाबी देण्याआधी हे वाचा : माझे डिपॉझिटचे 26,700 रुपये कसे गेले

डिपॉझिट बुडवणारे घरमालक सगळ्यांनाच माहीत असतात, त्यामुळं ती कथा उगाळत नाही. माझ्या बाबतीत सगळा खेळ नोटीस दिल्यानंतरच्या महिन्यात झाला, तेवढंच सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दोन खोल्या, भाडं 5,500, डिपॉझिट 30,000, अकरा महिन्यांचा करार. मुदत 31 मेला संपणार होती.

करारात एक महिन्याची आगाऊ सूचना होती. मी 28 एप्रिललाच लेखी नोटीस दिली. 31 मेला खोली सोडतो, 25 ते 30 मेमध्ये दोघांनी मिळून पाहणी करायला एक तारीख द्या, आणि पाहणीनंतर पंधरा दिवसांत डिपॉझिट खात्यात टाका, असं त्यात स्पष्ट होतं. घरमालक काकाजींनी वाचली, घडी करून खिशात घातली. दुसऱ्या प्रतीवर सही मागितली तर म्हणाले, "आपल्यात लेखी कायले पाह्यजे मास्तर? तुमी काय परके हाओ का?" आता या वयाच्या माणसाला, ज्याच्या घरचं ताक आपण वर्षभर प्यालो, त्याला काय म्हणणार? पोस्टानं पोचपावतीसह पाठवली असती तर पन्नास-साठ रुपयांत काम झालं असतं. तुम्ही पाठवा. ताक प्यालेलं असो की नसो.

मे महिनाभर पाहणीची तारीख पुढंच सरकत गेली. कधी लग्न, कधी नांगरटी, कधी "ऊन लय हाये, संध्याकाळी येतो." मी नुसती वाट पाहत राहिलो. मुदतीनंतर राहिलो तर दुप्पट भाडं, हे कलमही त्याच करारात होतं. म्हणजे डिपॉझिट मिळेपर्यंत चाबी अडवून ठेवणं हा मार्गच नव्हता. हे मालकाला पक्कं ठाऊक असतं.

31 मेला सामान छोटा हत्तीत भरून झालं, पोरगं उन्हानं रडत होतं, गाडीवाला थांबायचे वेगळे पैसे मागत होता. तेव्हा काकाजी आले नाहीत, त्यांचे साळे आले. हातात छापील पावती. पहिली ओळ, "खोली रिकामी करून ताबा दिला." ती मी वाचली. खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ होती : "उभयतांत कोणतेही देणेघेणे बाकी नाही." सही केली. अजून डोळ्यापुढं ती ओळ येते आणि अंगाचा तिळपापड होतो. पण खरं सांगा, चाबी द्यायच्या कागदावर कुणी हिशेब संपल्याचं लिहील, हे कुणाच्या डोक्यात येईल? ती पावती आधीच छापून ठेवलेली होती, यावरूनच समजा.

आठवड्याभरात हिशेब आला. रंगकाम 14,000, बोअरची मोटर जळाली 9,500, लाइट बिल 3,200. एकूण 26,700 कापून 3,300 यूपीआयनं आले. रंगकामाचं कारण काय, तर म्हणे कूलरच्या पाण्यानं खिडकीखालची भिंत ओलावली. ती ओल वरच्या टाकीच्या पाइपातून येते आणि आम्ही राहायला आलो त्याच दिवशीचा तिचा फोटो माझ्याकडं आहे. मोटर तर सामाईक, चार भाडेकरूंची. मीटरचा शेवटचा रीडिंग मी टिपला नव्हता, म्हणून बिलाबद्दल काही बोलताच येईना. चाबी देताना मीटरचा आकडा, प्रत्येक नळ, प्रत्येक भिंत एकाच सलग व्हिडिओत घ्या. मालक येत नसेल तर दोन शेजारी उभे करा, त्यांच्या सह्या घ्या.

पोलीस ठाण्यात गेलो. "हे दिवाणी मॅटर हाये, कोर्टात जा." अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. मग तहसीलमध्ये, तिथून नगरपंचायतीत, तिथल्या बाबूंनी तर पंख्याखालून मानही वर केली नाही. करार नोटरीचा, नोंदणीचा नाही, म्हणून प्रत्येकानं मलाच उलट विचारलं, नोंदणी का नाही केली? मालकाला नको होती म्हणून! त्याला बोलावून विचारायचं कुणालाच सुचलं नाही. करभरणी थकली की याच लोकांना घर बरोबर सापडतं.

वकील म्हणाले, दावा लावायला तीन वर्षांची मुदत आहे, पण सहीच्या पावतीमुळं भांडण लांबेल. करारात "हिशेब करून परत" एवढंच होतं, किती दिवसांत ते नाही. तुम्ही करारातच दिवस लिहून घ्या. आणि चाबीच्या पावतीवर "डिपॉझिट रु. अमुक देणे बाकी" हे आपल्या हातानं लिहिल्याशिवाय सही करू नका, गाडीवाला कितीही हॉर्न वाजवो.

शेवटी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज दिला. दावापूर्व प्रकरण म्हणून फी लागली नाही. पहिल्या तारखेला काकाजी आलेच नाहीत. तिथल्या बाईंनी माझे सगळे कागद चाळले आणि एकच बाजूला काढला : 3,300 आल्याबरोबर मी रागात टाइप केलेला मेसेज, "ही रक्कम फक्त अंशतः मिळाली, बाकी 26,700 बाकी आहेत, कपात मान्य नाही." खाली दोन निळ्या टिका. पुढच्या तारखेला हाच आणा, म्हणाल्या.