निरीक्षणं एकवीस, बूटस्ट्रॅप तीन: रिग्रेशनच्या इंटरव्हलसाठी कोणता निवडाल?

निरीक्षणं वीस-पंचवीस, रेसिड्युअलचा क्यू-क्यू आलेख टोकांना वाकलेला, आणि `confint()` ने दिलेल्या इंटरव्हलवर भरवसा ठेवावा की नाही ते कळत नाही. अशा वेळी ‘बूटस्ट्रॅप करून टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. पण त्यात दोन वेगळे निर्णय दडलेले असतात. पुन्हा पुन्हा उचलायचं काय, हा पहिला. हजारो वेळा उचलून जे अंदाज हाती येतात त्यांतून इंटरव्हल कसा काढायचा, हा दुसरा. नमुना लहान असला की लोक दुसऱ्यात जास्त फसतात, कारण तिकडे कोणी लक्षच देत नाही.

आर मधला `stackloss` हा डेटा घेऊ. अमोनियापासून नायट्रिक आम्ल तयार करणाऱ्या कारखान्यातले हे २१ दिवस आहेत. शोषला न जाता वाया गेलेला अमोनिया मोजायचा, आणि तो हवेचा प्रवाह, थंड पाण्याचं तापमान व आम्लाची तीव्रता यांवर कसा अवलंबून आहे ते पाहायचं. आपण फक्त पाण्याच्या तापमानाचा कोइफिशंट धरू. साध्या लीस्ट स्क्वेअर्सने तो १.२९५ येतो आणि त्याची स्टँडर्ड एरर ०.३६८. डिग्रीज ऑफ फ्रीडम १७, म्हणून गुणायचं २.११ ने, ९५ टक्क्यांचा इंटरव्हल ०.५२ ते २.०७. आता शंका अशी, की २१व्या दिवसाचा रेसिड्युअल −७.२ आहे आणि चौथ्याचा ५.७, तर मॉडेलची रेसिड्युअल स्टँडर्ड एरर अवघी ३.२४.

रेसिड्युअल उचलायचे. इथे प्रवाह, तापमान आणि तीव्रता ही तिन्ही कारणं जशीच्या तशी ठेवतात, रेसिड्युअल चिठ्ठ्यांसारखे ढवळून, दर वेळी उचललेली चिठ्ठी परत टाकत, कोणत्याही दिवसाला चिकटवतात आणि मॉडेल पुन्हा बसवतात. बहुतेक जण मग मिळालेल्या अंदाजांचे २.५ आणि ९७.५ पर्सेंटाइल घेऊन मोकळे होतात. इथेच घात होतो, आणि तो कळायला संगणकही लागत नाही. लीस्ट स्क्वेअर्स रेषा डेटाकडे ओढून घेते, म्हणून रेसिड्युअल खऱ्या चुकांपेक्षा आखूड असतात. ते तसेच उचलले तर बूटस्ट्रॅपची स्टँडर्ड एरर नेहमीच्या एररच्या √(१७/२१) पट, म्हणजे ०.९ पट भरते: ०.३६८ ऐवजी ०.३३१. शिवाय पर्सेंटाइल घेताना २.११ च्या जागी साधारण १.९६ च वापरल्यासारखं होतं. दोन्ही मिळून इंटरव्हल सुमारे १६ टक्क्यांनी अरुंद होतो. म्हणजे ज्या इंटरव्हलवर संशय होता, त्याहूनही जास्त आत्मविश्वासाचा इंटरव्हल हातात येतो.

अरुंदपणाचं पहिलं कारण म्हणजे आखूड रेसिड्युअल, त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक रेसिड्युअलला त्याच्या लेव्हरेजप्रमाणे ताणायचं:

```r
m <- lm(stack.loss ~ ., data = stackloss)
r <- resid(m) / sqrt(1 - hatvalues(m))
r <- r - mean(r)
```

२१व्या दिवसाचं लेव्हरेज ०.२८५ आहे, त्यामुळे त्याचा −७.२४ सरासरी वजा करण्याआधी −८.५६ होतो. दुसऱ्या कारणावर, म्हणजे २.११ ऐवजी १.९६ वर, उपाय स्टुडंटाइज्ड बूटस्ट्रॅप, ज्याला बूटस्ट्रॅप-टी म्हणतात. प्रत्येक फेरीत कोइफिशंटसोबत त्याची स्टँडर्ड एररही काढायची, मूळ अंदाजापासूनचं अंतर तिने भागायचं आणि २.११ च्या जागी या भागाकारांचे पर्सेंटाइल वापरायचे. खालच्या आणि वरच्या बाजूचे आकडे वेगवेगळे येतात, म्हणून चुका एका बाजूला कललेल्या असतील तर इंटरव्हलही तसाच कलतो.

तरी एक अट उरतेच: चुकांचा पसारा सगळीकडे सारखा हवा. इथे तो सारखा दिसत नाही. हवेचा प्रवाह ५० होता त्या पाच दिवसांत सर्वांत मोठा रेसिड्युअल २.४ आहे, ५.७ आणि −७.२ हे दोन्ही प्रवाह ६२ किंवा वर होता तेव्हाचे. ढवळताना ते शांत दिवसांच्या गळ्यात बांधले जातात.

पूर्ण ओळी उचलायच्या. इथे दिवसच्या दिवस, कारणांसकट उचलतात. पसारा सारखा असण्याची अट नाही, मॉडेल थोडं चुकलं तरी चालतं, आणि `boot` वापरणाऱ्यांच्या हाताला हीच पद्धत बसलेली असते. शेकडो ओळी असतील तर मीही हीच घेईन. एकवीस ओळींना मात्र ती जड जाते. एखादा ठरावीक दिवस नमुन्यात अजिबात न येण्याची शक्यता (२०/२१)²¹, म्हणजे जवळपास ३६ टक्के. दोन किंवा जास्त वेळा येण्याची २६ टक्के. म्हणजे २१वा दिवस शेकड्यातल्या छत्तीस फेऱ्यांत नाहीच, आणि सव्वीस फेऱ्यांत दुप्पट किंवा त्याहून जास्त वजनाने. तो एकटा किती ओढतो हे कुक्स डिस्टन्स सांगतं: ०.६९. त्यामुळे फक्त पाण्याचा कोइफिशंट काढणाऱ्या `boot()` चा निकाल `b` मध्ये ठेवा आणि `hist(b$t[, 1])` काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन उंचवटे किंवा लांब शेपूट दिसली तर तुमचा इंटरव्हल कोणता दिवस आला-गेला यावर ठरतोय. अशा वेळी पर्सेंटाइलऐवजी बीसीए घेतला तरी कललेपणाची दुरुस्ती होते, अरुंदपणा पुरता जात नाही. बूटस्ट्रॅप-टी घ्यावा तर काही फेऱ्यांत कारणांची विविधताच संपत आलेली असते, स्टँडर्ड एरर बेभरवशाची होते आणि इंटरव्हल उगाच फुगू शकतो.

वाइल्ड बूटस्ट्रॅप. यात रेसिड्युअल आपल्याच दिवशी राहतो, फक्त नाणं उडवून त्याचं चिन्ह ठेवायचं किंवा उलटायचं. २१व्या दिवसाची मोठी चूक त्याच्याच जागी मोठी राहते, शांत दिवस शांतच राहतात, आणि कुठलाही दिवस गळत नाही. चिन्हांच्या जुळण्या २²¹, म्हणजे वीस लाखांवर, तेव्हा फेऱ्यांना तोटा नाही. ताणलेले रेसिड्युअल इथेही घ्यायचे, आणि स्टुडंटाइज करताना स्टँडर्ड एरर एचसी३ सारखी, असमान पसारा सोसणारी घ्यायची. उणेपण एकच: चिन्ह उलटत राहिल्याने चुकांचा एका बाजूचा कल पुसला जातो. चुका ठळकपणे कललेल्या आणि पसारा सारखा, अशी स्थिती असेल तर ताणलेल्या रेसिड्युअलचा बूटस्ट्रॅप-टी जास्त बरा.

`stackloss` साठी मी वाइल्ड घेईन, बूटस्ट्रॅप-टीसह, ९,९९९ फेऱ्यांचा. कारण इथली खरी अडचण नॉर्मल नसण्यापेक्षा असमान पसाऱ्याची आहे. चुका नुसत्या थोड्या जाड शेपटीच्या असत्या, लेव्हरेज सगळीकडे सारखं असतं, तर `confint()` चा ०.५२ ते २.०७ हाच ठेवला असता. टी-इंटरव्हल तेवढं सोसतो.

दोन गोष्टी यातला कुठलाच बूटस्ट्रॅप करत नाही. हे दिवस एकामागोमाग एक आहेत. आजची चूक उद्यावर रेंगाळत असेल तर तिन्ही पद्धती ती साखळी तोडतात. म्हणून आधी रेसिड्युअल तारखेच्या क्रमाने मांडून पाहावेत. दुसरं, १, ३, ४ आणि २१ हे चार दिवस वगळले की पाण्याचा कोइफिशंट १.२९५ वरून ०.५८ वर येतो, म्हणजे मूळ इंटरव्हलच्या खालच्या टोकाशी. ओळी उचलणाऱ्या बूटस्ट्रॅपमध्ये हे चारही दिवस एकदम गळतील अशा फेऱ्या शंभरात जेमतेम एक. त्यामुळे अहवालात इंटरव्हलशेजारी चार दिवसांसह आणि त्यांच्याविना आलेले दोन्ही अंदाज लिहा, आणि त्या दिवशी यंत्रात काय झालं होतं ते कारखान्याच्या नोंदवहीत शोधा.